शिष्यवृत्ती सराव परीक्षेची उत्तरसूची: कोणी करायची, काय लागते, कशी तपासायची

सोलापूर जिल्ह्यात शिष्यवृत्तीच्या सराव परीक्षा बऱ्याचदा केंद्रस्तरावर एकत्र होतात. पेपर एका शाळेत निघतो आणि तपासणी दहा शाळांत होते. अशा वेळी तपासणाऱ्या गुरुजींच्या हातात प्रश्नपत्रिका नसली तरी चालते, पण उत्तरसूची हवीच. एका पानावर बसणारी, प्रश्न क्रमांक आणि त्यापुढे अंतिम उत्तर एवढीच. रीत, स्पष्टीकरण असले काहीही त्यात नको. ते स्वतंत्र कागदावर ठेवा, हरकत आली की लागेल.

इथे इयत्ता आठवीच्या पूर्व माध्यमिक शिष्यवृत्तीच्या नमुन्याचा पेपर १ घेतला आहे. त्यात प्रथम भाषेचे २५ आणि गणिताचे ५० असे ७५ प्रश्न असतात. प्रत्येक प्रश्नाला २ गुण, एकूण १५० गुण, वेळ दीड तास. संच ए, बी, सी, डी असे चार. आठवीच्या पेपरात आणखी एक गोष्ट असते: जास्तीत जास्त २० टक्के प्रश्नांना, म्हणजे ७५ पैकी १५ पर्यंत प्रश्नांना, दोन पर्याय बरोबर असतात आणि विद्यार्थ्याने ते दोन्ही रंगवावे लागतात. उत्तरसूची करताना सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

कोणी करायची

यासाठी कुठे अर्ज करावा लागत नाही. केंद्रप्रमुखांच्या बैठकीत दोन नावे ठरली की झाले. मात्र ती दोन वेगवेगळ्या माणसांची हवीत. पेपर काढणारे शिक्षक आपली उत्तरे देतात. दुसरे शिक्षक त्याच विषयाचे असावेत, पण पेपर काढण्यात त्यांचा हात नसावा. त्यांनी ती उत्तरे न बघता पूर्ण पेपर सोडवायचा आणि मग दोघांचे कागद शेजारी ठेवायचे.

हे का, ते एका उदाहरणात दिसेल. प्रश्न असा: ५०० रुपयांच्या चादरीची किंमत आधी २० टक्क्यांनी वाढवली, मग नव्या किमतीवर २० टक्के कमी केली, तर मूळ किमतीत किती फरक पडला? पेपर काढणाऱ्याने घाईत पर्याय १ लिहिला, "काही फरक नाही". सोडवणाऱ्याने ५०० चे ६०० केले, ६०० मधून १२० वजा करून ४८० काढले आणि पर्याय २ लिहिला, "४ टक्के घट". दोन कागद जुळले नाहीत म्हणून चूक सापडली. काढणाऱ्यानेच स्वतःचा पेपर पुन्हा तपासला असता तर डोळे तीच चूक परत वाचून पुढे गेले असते.

जवळ काय काय हवे

छापून आलेली अंतिम प्रश्नपत्रिका, चारही संचांची. टाइप करायला दिलेला मसुदा चालणार नाही, कारण छपाईच्या वेळी पर्याय मागेपुढे झालेले असतात. सोबत संच-तक्ता हवा, म्हणजे ए संचातला कोणता प्रश्न बी, सी, डी मध्ये कितव्या क्रमांकाला गेला आहे त्याची नोंद. आणि कोरी उत्तरपत्रिका हवी, कारण सूचीतले रकाने तिच्यासारखेच पाडायचे आहेत.

सोलापुरात माध्यमाचाही प्रश्न येतो. शिष्यवृत्ती परीक्षा सात माध्यमांतून होते. आपल्याकडे मराठीशिवाय उर्दू, कन्नड आणि तेलुगूही चालतात. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरच्या केंद्रांना हे सांगायला नको. प्रथम भाषेची २५ उत्तरे प्रत्येक माध्यमाला वेगळी असतात. गणिताची ५० एकच राहतील, पण भाषांतरात पर्यायांचा क्रम बदललेला नसेल तरच. उर्दू पेपरात एका ओळीतले पर्याय उजवीकडून सुरू होतात. म्हणून "डावीकडचा वरचा" असे जागेवरून कधी ओळखू नका, छापलेला पर्याय क्रमांकच बघा.

लिहायची पद्धत

उत्तर म्हणून पर्यायाचा क्रमांक लिहा, किंमत नको. पाच-पाच प्रश्नांची एक ओळ करा. दोन पर्याय बरोबर असतील तर मध्ये अधिकचे चिन्ह टाका. नुसते "१२" लिहिले तर कोणी तरी ते बारा वाचतो, आणि घाईत दुसरा आकडा डोळ्यांतून सुटतोही. जागा मोकळी सोडू नका. प्रश्न रद्द असेल तर तसे लिहा, कारण मोकळी जागा पाहून तपासणाऱ्याला प्रश्न रद्द झाला की उत्तर लिहायचे राहिले ते कळत नाही.

```
पेपर १ | संच ए | मराठी माध्यम | अंतरिम
२६-३    २७-१  २८-४    २९-२  ३०-२
३१-१+२  ३२-४  ३३-रद्द  ३४-२  ३५-३
```

यातला ३१वा प्रश्न असा: कोणत्या संख्यांना ९ ने पूर्ण भाग जातो? पर्याय ४५२७, ३८१६, ५०३४ आणि ७१२५. अंकांची बेरीज अनुक्रमे १८, १८, १२ आणि १५ येते, म्हणून पहिले दोन बरोबर. विद्यार्थ्याने एकच रंगवला तर गुण नाहीत, अर्धे गुण देण्याची सोय यात नाही. वर दाखवलेला चादरीचा प्रश्न ३४वा.

सूचीच्या पहिल्या ओळीतली माहिती प्रत्येक पानावर हवी. संचाचे नाव मोठ्या अक्षरात लिहा, कारण बी संचाचा गठ्ठा ए संचाच्या सूचीने तपासला की हुशार मुलालाही अगदी कमी गुण मिळतात. वर्गातल्या बऱ्याच मुलांचे गुण एकदम पडलेले दिसले तर आधी संच बघावा.

संच जुळवणी

आधी फक्त ए ची सूची पक्की करा. बाकीच्या तीन संच-तक्त्यावरून उतरवा. ३१वा प्रश्न बी मध्ये ५८व्या क्रमांकाला असेल तर तिथे १+२ येईल. पर्यायांचा क्रमही बदललेला असेल तर हा मार्ग बंद. मग प्रत्येक संच छापील पेपरवरूनच करावा लागतो.

पर्याय हलवले नसतील तर तपासणीची एक सोपी युक्ती आहे. प्रत्येक संचात १, २, ३, ४ किती वेळा आले ते मोजा. समजा ए मध्ये १ चौदा वेळा, २ सतरा, ३ अठरा, ४ तेरा, दोन पर्यायांचे प्रश्न बारा आणि रद्द एक, म्हणजे एकूण ७५. बी मध्ये ३ सतरा आणि ४ चौदा आले, तर कुठे तरी ३ चा ४ झाला आहे, शोधा.

पण या मोजणीत दोन शेजारच्या उत्तरांची अदलाबदल सापडत नाही. ओळीचा क्रम मध्येच घसरून पुढे सावरला असेल तर तोही सापडत नाही. त्यासाठी प्रत्येक संचात १, २५, २६, ५० आणि ७५ हे प्रश्न त्या संचाच्या छापील पेपरवरून थेट सोडवून बघा. शिवाय रद्द आणि दोन पर्यायांचे प्रश्न सगळे. एवढ्याला अर्धा तास पुरतो.

अंतरिम आणि अंतिम

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद मूळ परीक्षेत आधी अंतरिम उत्तरसूची काढते, त्यावर पुराव्यासह हरकती मागवते आणि मग अंतिम सूची देते. निकाल अंतिम सूचीवर लागतो. केंद्रातही हाच क्रम ठेवा. हरकतीसोबत पाठ्यपुस्तकाचे पान किंवा सोडवलेली रीत मागा, "मुलांना अवघड गेले" ही हरकत नाही.

अंतिम सूचीवर दोन्ही शिक्षकांची सही आणि तारीख घ्या. बदललेल्या उत्तराभोवती चौकट करा, अंतरिम प्रती परत घेऊन फाडा. आधी तपासून झालेल्या उत्तरपत्रिकांत तेवढा चौकटीतलाच क्रमांक पुन्हा बघायचा, चारही संचांत तो कुठे गेला आहे ते संच-तक्त्यावरून.