गरोदरपणातील जळजळ, पोटफुगी आणि बद्धकोष्ठता

गरोदरपणात छातीत जळजळ होणे, पोट गच्च होऊन फुगणे आणि शौचाला साफ न होणे या तक्रारी अतिशय सामान्य आहेत. बहुतेक जणींना त्यांतली एक तरी होते, अनेकींना तिन्ही होतात. त्यांच्याकडे तीन वेगळ्या दुखण्यांप्रमाणे पाहिले जाते आणि प्रत्येकीवर वेगळा इलाज शोधला जातो. प्रत्यक्षात तिन्हींचे मूळ बरेचसे एकच असते, आणि एका तक्रारीवरचा उपाय दुसरी वाढवतो असेही पुष्कळदा घडते. म्हणून घरगुती उपाय करताना कोणता उपाय कधी आणि कशासोबत करायचा, हे ठरवणे सर्वांत महत्त्वाचे आहे.

कारणे

गर्भधारणेनंतर प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण वाढते. गर्भाशयाचे स्नायू सैल राहावेत आणि गर्भ टिकावा यासाठी ते आवश्यक असते. पण ते फक्त गर्भाशयावर परिणाम करून थांबत नाही. अन्ननलिका, जठर आणि आतडी यांच्या भिंतींतले स्नायूही त्याच जातीचे असल्यामुळे तेही सैलावतात. अन्ननलिका आणि जठर यांच्यामध्ये झडपेसारखे काम करणारा स्नायू नीट आवळला जात नाही, त्यामुळे जठरातले आम्ल वर येते आणि छातीच्या हाडामागे जळजळ, घशाशी आंबट पाणी असा त्रास होतो. आतड्यांची हालचाल मंदावल्याने अन्न पुढे सरकायला वेळ लागतो, वायू साठतो आणि पोट फुगते. मोठ्या आतड्यात मळ जास्त काळ राहिला की त्यातले पाणी अधिक शोषले जाते आणि शौचाला खडा होतो.

पोट दिसू लागण्याआधीच, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कपडे कमरेला घट्ट होतात ते बहुधा या पोटफुगीमुळे. जळजळ मात्र पुढे वाढत जाते. शेवटच्या तीन महिन्यांत वाढलेले गर्भाशय जठराला वर ढकलते, आणि थोडे खाल्ले तरी जठरावर दाब येतो. याच काळात दिलेल्या लोहाच्या गोळ्यांमुळे अनेकींची बद्धकोष्ठता वाढते. या गोळ्यांनी शौचाचा रंग काळपट किंवा काळसर हिरवा होतो. त्याला घाबरण्याचे कारण नाही.

उपाय एकमेकांच्या आड येतात ते असे

पुदिन्याने गॅस मोकळा होतो असा अनुभव असतो, पण तो अन्ननलिकेच्या खालच्या स्नायूला आणखी सैल करू शकतो आणि जळजळ वाढते. जेवणानंतर च्युइंगगम चघळल्याने लाळ वाढते, आम्ल खाली उतरायला मदत होते, मात्र चघळताना गिळलेली हवा पोट फुगवते. दुधाने जळजळ क्षणभर शमते, पण थोड्या वेळाने जठर पुन्हा आम्ल तयार करते, आणि ज्यांना दूध पचत नाही त्यांना गॅस होतो. कोंडा एकदम जास्त खाल्ला आणि पाणी तेवढेच राहिले, तर शौच मऊ होण्याऐवजी पोट दगडासारखे होते. अँटासिडमध्येही असाच फरक असतो. कॅल्शियम आणि ॲल्युमिनियम असलेल्या अँटासिडने बद्धकोष्ठता वाढू शकते, मॅग्नेशियम असलेल्याने शौच सैल होते. ज्या स्त्रीला जळजळ आणि बद्धकोष्ठता दोन्ही आहेत, तिने गोळी घेण्याआधी वेष्टनावरचे घटक वाचून कोणता प्रकार घ्यावा हे डॉक्टरांना विचारणे चांगले.

एक उदाहरण

समजा, तिसाव्या आठवड्यात असलेली एक स्त्री रात्री दहाला भरपेट जेवते. जेवल्यावर लगेच लोहाची गोळी घेते, आणि जळजळ सुरू झाली की त्यापाठोपाठ कॅल्शियमचे अँटासिड चघळते. शौचाला साफ होत नाही म्हणून तिने याच आठवड्यात रोज सकाळी दोन मोठे चमचे कोंडा सुरू केला आहे. वारंवार लघवीला जावे लागते म्हणून पाणी मात्र ती कमीच पिते. आठवडाभरात तिचे पोट अधिक फुगते, कुंथावे लागते, आणि रात्रीची जळजळही वाढते.

इथे प्रत्येक गोष्ट हेतूने चांगली आहे, चूक आहे ती वेळ आणि प्रमाण यांची. अँटासिडमुळे लोह नीट शोषले जात नाही, त्यामुळे त्या गोळीचा पुरेसा उपयोग होत नाही. कॅल्शियम आणि कोरडा कोंडा मिळून मळ अधिक घट्ट होतो. भरलेले आतडे आणि फुगलेले पोट यांचा दाब जठरावर येतो, आणि कुंथताना तो दाब आणखी वाढून आम्ल वर ढकलले जाते.

सुरुवात रात्रीपासून करावी. जेवण झोपण्याच्या तीन तास आधी आणि थोडे. दिवसभरात तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान जेवणे ठेवावीत, आणि जेवताना घोटभर पाणी प्यावे, बाकीचे मधल्या वेळेत. तेलकट, तिखट, आंबट पदार्थ, चॉकलेट आणि कॉफी यांतले नेमके काय त्रास देते हे प्रत्येकीचे वेगळे असते. सगळे एकदम बंद केल्यास आहारच तुटपुंजा होतो. त्यापेक्षा तीन-चार दिवस काय खाल्ले आणि कधी जळजळले ते लिहून ठेवावे आणि ठरावीक पदार्थच टाळावा.

पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली ठोकळे ठेवून तो 15 सेंमी.च्या आसपास उंच करावा. नुसत्या उशा रचल्याने अंग कमरेत वाकते आणि पोटावर उलट दाब येतो. डाव्या कुशीवर झोपल्यास जठर अन्ननलिकेच्या तोंडापेक्षा खाली राहते, म्हणून आम्ल कमी वर येते. उजव्या कुशीवर हेच उलटे होते.

लोहाची गोळी आता सकाळी दोन जेवणांच्या मधल्या वेळेत घ्यावी, आणि अँटासिड तिच्यापासून किमान दोन तास दूर ठेवावे. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर ती थोड्या खाण्यासोबत चालते. त्रास तरीही कमी झाला नाही तर डॉक्टर प्रकार किंवा मात्रा बदलून देतात. बद्धकोष्ठतेच्या कंटाळ्याने ही गोळी परस्पर बंद करणे मात्र धोक्याचे आहे, कारण रक्तक्षय आई आणि बाळ दोघांनाही महागात पडतो.

कोंडा काही दिवस थांबवावा आणि पोट हलके झाल्यावर अर्ध्या चमच्याने सुरू करून दर तीन-चार दिवसांनी थोडा वाढवावा. रोज 25 ते 30 ग्रॅम तंतू मिळावेत असे उद्दिष्ट असते. ते फळे, भाज्या, डाळी आणि सालासकटच्या धान्यांतून गाठले तर उत्तम. सुके आलुबुखार आणि पेर यांत सॉर्बिटॉल असल्याने शौच मऊ होते, पण एका वेळी जास्त खाल्ले तर गॅसही होतो. पाणी साधारण आठ-दहा ग्लास, त्यातले बरेचसे संध्याकाळपूर्वी, म्हणजे रात्री उठावे लागत नाही. लघवी फिकट पिवळी राहिली तर पाणी पुरेसे आहे असे समजावे.

न्याहारीनंतर मोठे आतडे आपोआप हालचाल करते, त्या वेळेचा फायदा घ्यावा. न्याहारीनंतर पंधरा-वीस मिनिटांनी, घाई नसताना, शौचास बसावे. कमोडवर बसताना पायांखाली छोटा स्टूल ठेवून गुडघे कमरेपेक्षा वर घ्यावेत, किंचित पुढे वाकावे आणि श्वास सोडत पोट सैल सोडावे. दहा मिनिटांत झाले नाही तर उठावे. कुंथत बसल्याने गरोदरपणात आधीच फुगलेल्या गुदद्वाराच्या शिरांवर ताण येतो आणि मूळव्याध होते. शौचाची कळ आली की थांबवून ठेवू नये, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. डॉक्टरांनी मना केले नसेल तर रोज अर्धा तास चालणे आतड्याला हालते ठेवते आणि पोटातला वायू पुढे सरकवते.

यातून जळजळ बहुधा आधी कमी होते, शौच साफ व्हायला आठवडाभर लागू शकतो, आणि पोटफुगी सर्वांत शेवटी ओसरते. आठवड्याने फरक पडला नाही तर पुढचा टप्पा इसबगोल. एक चमचा पूर्ण ग्लासभर पाण्यात मिसळून लगेच प्यावा, कारण कमी पाण्यात घेतल्यास तो घशात किंवा आतड्यात फुगून अडकू शकतो. परिणामाला दोन-तीन दिवस लागतात, आणि तो इतर औषधांपासून दोन तास दूर ठेवावा. त्यानंतरची पायरी, लॅक्टुलोजसारखे औषध, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. अधूनमधून जळजळीसाठी अल्जिनेटयुक्त द्रावण उपयोगी पडते. ते जठरातल्या द्रवावर तरंगता थर तयार करते, आणि त्यामुळे आम्ल वर येत नाही.

काय घेऊ नये

खाण्याचा सोडा जळजळीवर सर्रास घेतला जातो. एक सपाट चमचा सोड्यात सुमारे 1,250 मिलिग्रॅम सोडियम असते, जे दिवसभराच्या मर्यादेच्या निम्म्याहून अधिक आहे. त्याने अंगावर सूज येऊ शकते आणि रक्तातला आम्ल-अल्कलीचा तोल ढळू शकतो. म्हणून गरोदरपणात तो औषध म्हणून वापरू नये. एरंडेल तेलाने आतड्याबरोबर गर्भाशयातही कळा सुरू होऊ शकतात. सोनामुखीसारखी तीव्र रेचके मनाने घेऊ नयेत. बिस्मथ सबसॅलिसिलेट असलेले पोटाचे औषधही टाळावे. कॅल्शियमच्या चघळण्याच्या गोळ्या निरुपद्रवी वाटतात, पण आधीच कॅल्शियमची गोळी चालू असेल तर दोन्ही मिळून मात्रा जास्त होऊ शकते, म्हणून ती डॉक्टरांना सांगावी.

जळजळ वाटते, पण जळजळ नसते

विसाव्या आठवड्यानंतर पोटाच्या वरच्या भागात, विशेषतः उजव्या बरगड्यांखाली, सतत दुखत असेल आणि अँटासिडने आराम पडत नसेल, तर ती जळजळ समजून बसू नये. यासोबत जोराची डोकेदुखी, डोळ्यांसमोर चमकणे किंवा अंधुक दिसणे, चेहऱ्यावर अचानक सूज यांतले काही असल्यास गर्भावस्थेतील उच्च रक्तदाबाचा गंभीर प्रकार, प्री-एक्लॅम्पसिया, असू शकतो. त्याच दिवशी रक्तदाब आणि लघवी तपासावी लागते. पोट ठरावीक अंतराने घट्ट होऊन सुटत असेल, तर ती पोटफुगी नसून मुदतपूर्व कळा असू शकतात. पोट फुगून दुखते आहे, उलट्या होत आहेत आणि वायूही सरत नाही, ही आतडे अडल्याची लक्षणे असू शकतात. रक्ताची उलटी, शौचातून रक्त, गिळताना अडकणे किंवा छातीतले दुखणे हाताकडे किंवा जबड्याकडे सरकणे यांनाही थांबून चालत नाही. लोहाने काळे झालेले शौच घट्ट असते. ते डांबरासारखे चिकट आणि दुर्गंधीयुक्त असेल, तर जठरात रक्तस्राव झालेला असू शकतो.

बाळंतपणानंतर जळजळ बहुतेकींची लवकर थांबते, कारण संप्रेरक आणि गर्भाशयाचा दाब दोन्ही जातात. बद्धकोष्ठता मात्र आणखी काही आठवडे राहू शकते. लोहाच्या गोळ्या चालूच असतात, टाके दुखतील या भीतीने शौच रोखले जाते, आणि अंगावर दूध पाजताना पाण्याची गरज वाढलेली असते.