एलईडी तापत नाही? आकाशकंदिलातल्या दोन बल्बांची गोष्ट

दर दिवाळीत आमच्या सोसायटीच्या जिन्यात एक संवाद ठरलेला असतो. कोणीतरी खणाचा नाहीतर पतंगी कागदाचा कंदील हातात धरून विचारतं, "यात कितीचा बल्ब लावू?" आणि दुसरं कोणीतरी पायऱ्या उतरता उतरता म्हणतं, "एलईडी लाव की, तापतच नाही तो." दुसऱ्या मजल्यावरचे काका त्याच्या उलट. त्यांच्या मते बल्ब कुठलाही असो, कागदापासून वीतभर लांब ठेवला की काम झालं. दोघांचंही अर्धं बरोबर आहे. पण एकाचा नियम दुसऱ्याच्या बल्बला लावला की कंदील करपतो किंवा बल्ब जातो, आणि मग शिव्या दुकानदाराला.

पिवळा बल्ब आणि एलईडी यांतला विजेच्या बिलाचा फरक तुम्हाला माहीत आहे, तो मी उगाळत नाही. ६० वॅटच्या पिवळ्या बल्बाइतकाच उजेड साधारण ९ वॅटचा एलईडी देतो, एवढं पुरे. कंदिलासाठी महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. उष्णता किती यापेक्षा ती बल्बाच्या कोणत्या अंगाने बाहेर पडते, हे बघायचं.

पिवळा बल्ब म्हणजे छोटी शेकोटी. आतली तार पांढरीफटक तापते आणि ६० वॅटांतले जेमतेम तीन-चार वॅट उजेडात जातात. बाकी सगळी उष्णता, आणि तिच्यातला मोठा भाग किरणांच्या रूपात काचेतून आरपार चारी दिशांना जातो. म्हणून पेटलेल्या बल्बाखाली तळहात धरला तर न टेकताही ऊब लागते. शेकोटीचा नियम इथे जसाच्या तसा चालतो: दुप्पट लांब सरकलात तर झळ चौथाईवर येते. तीस सेंटीमीटर रुंदीच्या कंदिलात बल्ब बरोबर मध्यावर असेल तर तार कागदापासून पंधरा सेंटीमीटर राहते. तोच बल्ब पंधरा सेंटीमीटरच्या छोट्या कंदिलात टाकला की अंतर साडेसात, म्हणजे कागदावर चौपट झळ. बल्ब तोच, कंदील फक्त अर्धा.

शिवाय काच स्वतः उकळत्या पाण्याहून जास्त तापते. कागद पेट घ्यायला साधारण २३० अंश लागतात, त्यामुळे थोड्या अंतरावरचा कागद लगेच पेटत नाही, आणि याच भरवशावर लोक गाफील राहतात. कागद किंवा कापड काचेला टेकलं की गोष्ट बदलते. हवेने वाहून जाणारी उष्णता तिथे अडते आणि त्या एका ठिकाणी काच आणखी तापत जाते. आधी फिकट तपकिरी डाग पडतो, मग तो गडद होतो, मग कागद बिस्किटासारखा ठिसूळ होतो. कंदील उतरवताना असा डाग दिसला तर त्यावर नवा कागद चिकटवून गप्प बसू नका. बल्ब तिथे टेकत होता, हे त्याने तुम्हाला लिहून दिलेलं असतं.

एलईडीचं इस्त्रीसारखं आहे. इस्त्री पेटलेली असताना तिच्यासमोर बसून खुशाल गप्पा मारता येतात, फक्त तळाला हात लावायचा नाही. एलईडीच्या उजेडात किरणांची झळ जवळपास नसतेच, त्यामुळे पुढचा पांढरा घुमट कोमटच राहतो. त्याला हात लावूनच लोक म्हणतात की हा तापत नाही. पण ९ वॅटांतले निम्म्याहून जास्त वॅट उष्णताच होतात, आणि ती मागे, घुमट आणि पितळी टोपी यांच्या मधल्या मानेत जाते. तासभर पेटलेल्या बल्बाची मान धरून बघा. आधी प्लग काढा, मग धरा. पाच आकडे मोजेपर्यंत धरवत नसेल तर ती साठ अंशांच्या आसपास आहे असं समजा.

आता कंदील डोळ्यासमोर आणा. त्यात बल्ब उलटा लटकतो: घुमट खाली, मान वर. गरम हवा वर जाते, म्हणजे मानेभोवतीच कोंडते. कंदिलाचा माथा बंद असेल तर एलईडी स्वतःच्याच वाफेत शिजतो. यात आग लागायची शक्यता फार कमी, पण मानेच्या आत जो सर्किटचा तुकडा असतो त्यातला कंडेन्सर उष्णतेने मरतो. दहा अंश वाढले की त्याचं आयुष्य साधारण निम्मं, असा ढोबळ हिशेब आहे. बऱ्याच बल्बांच्या खोक्यावर बंद दिव्यात वापरू नका असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. ते आपण वाचत नाही, आणि कंदील हाही बंद दिवाच असतो हे तर कोणाच्या मनातही येत नाही.

म्हणून पिवळ्या बल्बाला अंतर लागतं आणि एलईडीला गरम हवा बाहेर जायला वाट लागते. एलईडीचा घुमट कागदापासून चार-पाच सेंटीमीटरवर आला तरी मला चालतं, पण माथ्याला भोक नसेल तर चालत नाही. पिवळा बल्ब मात्र माथा उघडा असला तरी मी कागदात लावत नाही. कोणाला तो जुना तांबूस उजेडच हवा असेल तर वॉर्म रंगाचा एलईडी मिळतो, ९ऐवजी ५ वॅटचाही मिळतो, आणि कंदिलाला ५ पुष्कळ. कंदील हा काही अभ्यासाचा दिवा नाही.

जाता जाता झिरोच्या बल्बाबद्दल. "आमच्या लहानपणी कंदिलात झिरोचा बल्ब असायचा, काही झालं नाही" हे वाक्य मी दरवर्षी ऐकतो. जुना झिरोचा बल्ब खरं तर पंधरा वॅटच्या आसपासचा असायचा. शून्य फक्त नावात. आज झिरो म्हणून मिळणारा एलईडी अर्ध्या वॅटचा असतो. दोघांना एकच नाव आहे म्हणून ते एकाच कंदिलात चालतील असं नाही.

गेल्या वर्षी भाचीने खणाचा कंदील केला. पंचवीस सेंटीमीटर रुंद नळकांडं, खाली झिरमिळ्या, वर जाड पुठ्ठ्याचं झाकण आणि त्यावर गोंडे. दिसायला देखणा. तिच्या बाबांनी त्यात १२ वॅटचा एलईडी लावला, कारण खणातून उजेड कमी येतो. वसुबारसेला लावलेला बल्ब लक्ष्मीपूजनाला फडफडायला लागला आणि पाडव्याला गेला. दुसरा आणला, तोही भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी गेला. कंपनीचा उद्धार झाला. मी कंदील उतरवला तर झाकणाची आतली बाजू होल्डरभोवती गोल पिवळी पडलेली, खण मात्र कुठेही करपलेला नाही. म्हणजे अंतराचं दुखणं नव्हतंच. झाकणात तीन-तीन सेंटीमीटरची चार भोकं पाडली, गोंडे त्यांच्यावर येतील असे हलवले आणि ७ वॅटचा बल्ब लावला. तासाभराने प्लग काढून मान धरली तर दहापर्यंत आरामात मोजता आलं. तो बल्ब तुळशीच्या लग्नापर्यंत टिकला आणि आता त्यांच्या बाथरूममध्ये आहे.

होल्डरचा घोळ याहून सोपा, पण मला चीड आणणारा. पेंडंट होल्डर लटकवण्यासाठी असतो, बॅटन होल्डर भिंतीवर किंवा लाकडी ठोकळ्यावर स्क्रूने बसवण्यासाठी. बॅटनची पाठ सपाट असते आणि वायर त्या पाठीतून जोडायची असते. ठोकळ्यावर बसला की ती झाकली जाते, लटकवला की उघडी राहते. तरीही घरात पडलेला बॅटन होल्डर वायरला टांगून त्यावर चिकटपट्टी गुंडाळणारे लोक दरवर्षी भेटतात. दिवाळीत परतीचा पाऊस येतो आणि बाल्कनीत लहान मुलं कंदिलाच्या झिरमिळ्या ओढतात, हे त्यांना दिसत नसावं. पेंडंटला वर फिरकीची टोपी असते, तिच्या भोकातून वायर आत जाते. टोपीच्या आत दोन्ही वायरींची मिळून एक गाठ मारा, म्हणजे ओढ गाठीवर येते, स्क्रूवर येत नाही. बेकेलाइटचा घ्या. ते उष्णतेने वितळत नाही आणि पितळी होल्डरसारखा शॉकही देत नाही.

आणि आता ती गोष्ट, जी चुकली की वरचं सगळं मोजमाप फुकट जातं. बहुतेक घरांत कंदील दोरीने हुकाला असतो आणि बल्ब वायरने वेगळाच आत सोडलेला असतो. वारा आला की दोघे वेगवेगळे झुलतात. संध्याकाळी तुम्ही मोजलेलं पंधरा सेंटीमीटर रात्री अकराला शून्य झालेलं असतं. बल्ब कंदिलाला बांधलेला हवा. कंदिलाच्या वरच्या कडेत बांबूच्या दोन कामट्या फुलीसारख्या बांधा, फुलीच्या मध्यावर होल्डर सुतळीने पक्का करा, आणि वजन सगळं दोरीवर द्या. वायर दोरीच्या बाजूने वर न्या, पण ती दोरीपेक्षा चार बोटं ढिली ठेवा, म्हणजे कंदील कितीही झुलला तरी तिला ताण बसत नाही. मग कंदील हाताने जोरात हलवून बघा. बल्ब त्याच्याबरोबर हलला आणि कडेला टेकला नाही, तर बांधणी जमली.

बल्ब बदलताना नुसतं बटण बंद करून भागत नाही. बटण वायरीवरच असेल आणि बाल्कनीतला दोन पिनांचा प्लग उलटा बसला असेल तर ते न्यूट्रलवर येऊ शकतं, आणि बंद दिव्याच्या होल्डरमध्येही करंट राहतो. प्लग उपटून खिशात ठेवा. खिशातच, कारण तो मी एकदा पलंगावर ठेवला होता आणि चिरंजीवांनी "बाबा, कंदील लागत नाहीये" म्हणत परत लावला होता.