‘रात्रीत काम’ ते सामाईक तास: नाशिकहून जाणाऱ्या पत्रांची पार्श्वभूमी

नाशिकची सॉफ्टवेअर कंपनी परदेशातल्या मध्यम आकाराच्या कंपनीला काम मागणारं पत्र पाठवते, तेव्हा वाचणाऱ्याच्या मनात दोन शंका हमखास असतात. वेळ जुळेल का, आणि या लोकांवर भरवसा कसा ठेवायचा? या शंकांना भारतीय कंपन्यांची ठरलेली उत्तरं आहेत. पण ती घडली मोठ्या गिऱ्हाइकांसाठी.

आधी कंपन्या माणसंच तिकडे पाठवत. इंजिनिअर गिऱ्हाइकाच्या कार्यालयात बसायचा, त्यामुळे घड्याळाचा प्रश्नच नव्हता. 1985 साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळुरूत केंद्र काढलं आणि उपग्रहाच्या जोडणीवरून काम परदेशी जाऊ लागलं. 1991 मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली आणि अशी जोडणी लहान कंपन्यांच्याही आवाक्यात आली. पुढे 2000 साल उजाडण्याआधी तारखांच्या दुरुस्तीच्या, म्हणजे वायटूकेच्या, कामांचा पूर आला. ‘तुम्ही झोपा, सकाळी काम तयार’ हे वाक्य त्याच काळात रुळलं आणि ते खरंही होतं. जुन्या प्रोग्राममधल्या तारखा दुरुस्त करायच्या, तर काय करायचं ते आधीच कागदावर असे. मधे विचारण्यासारखं फारसं काही उरत नसे.

दोनशे कामगारांच्या कारखान्यात असा कागद नसतो. तिथे एकच आयटी मॅनेजर सर्व्हर, प्रिंटर आणि ईआरपी सगळं सांभाळतो. गरज नेमकी काय आहे, हे बोलता बोलता उलगडतं. नाशिकच्या मुलाला सकाळी अकराला अडलं तर उत्तर संध्याकाळी मिळतं, आणि त्यातून निघालेला पुढचा प्रश्न दुसऱ्या दिवसावर जातो. तीन प्रश्नांत अर्धा आठवडा संपतो. म्हणून त्या मॅनेजरला ‘चोवीस तास काम’ हे वचन वाटत नाही, धोका वाटतो. माझ्या मते आपल्याकडच्या बहुतेक पत्रांची पहिली चूक इथेच होते: बँकेसारख्या मोठ्या गिऱ्हाइकाला लिहायचं वाक्य ती कारखान्याला लिहितात.

त्याऐवजी सामाईक तास, म्हणजे दोन्हीकडची माणसं एकाच वेळी कामावर असतील ते तास, लिहावेत. समजा, नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांसाठी डिस्पॅच आणि जॉबकार्डची सॉफ्टवेअर केलेली कंपनी अमेरिकेत ओहायोतल्या सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याला लिहिते आहे. उन्हाळ्यात अंतर साडेनऊ तासांचं, म्हणजे तिथले सकाळचे नऊ ते इथले संध्याकाळचे साडेसहा. टीम दुपारी बारा ते रात्री नऊ बसली तर अडीच तास मिळतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथलं घड्याळ एक तास मागे येतं, अंतर साडेदहा तासांचं होतं आणि हातात दीडच तास उरतो. ते मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत. म्हणून ‘रोज अडीच तास’ असं मोघम लिहून भागत नाही. हिवाळ्यात शिफ्ट एक ते दहा करणार, हेही पत्रात आलं पाहिजे. आणि ते खरोखर जमायला हवं. रात्री दहाला सुटणाऱ्या मुलामुलींची घरी जायची सोय आधी करावी, मग शब्द द्यावा.

भरवशाचा प्रश्न वेगळ्या वाटेने मोठा झाला. जानेवारी 2009 मध्ये सत्यम या मोठ्या आयटी कंपनीच्या अध्यक्षांनी खोट्या हिशेबांची कबुली दिली आणि मोठ्या नावाची हमीही डळमळली. मे 2018 पासून युरोपात जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू झाला आणि माहिती कोण पाहतो याचा लेखी जाब मागितला जाऊ लागला. मोठ्या कंपन्यांनी प्रमाणपत्रांची फाइल पुढे केली. वीस-तीस जणांच्या कंपनीला तो खर्च एकदम झेपत नाही, पण मध्यम गिऱ्हाइकाची भीती अनेकदा त्याहून साधी असते: पैसे मी दिले, तर कोड माझा ना?

इथे आपला कायदा नीट माहीत हवा. वेगळा करार नसेल तर नोकरीत लिहिलेल्या कोडचा कॉपीराइट नोकरी देणाऱ्या कंपनीचा, म्हणजे नाशिकच्या कंपनीचा असतो. गिऱ्हाइकाकडे तो लेखी हस्तांतरानेच जातो. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 नुसार हस्तांतरात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ओहायोच्या मालकाला असा करार काय कामाचा? म्हणून ‘जगभरासाठी, कायमचं’ हे शब्द करारात स्पष्ट हवेत. बाहेरच्या फ्रीलान्सरकडून काम घेतलं असेल तर आधी त्याच्याकडूनही तसंच लिहून घ्यावं लागतं, कारण त्याच्या कोडचा हक्क मुळात त्याचाच असतो. घाईत सुटते ती नेमकी हीच कडी.

दुसरी भीती माणसांची. काम समजलेला एकमेव मुलगा पुण्याला गेला तर? यावर पत्रात दोन गोष्टी सांगता येतात: प्रत्येक कामावर दुसरा जाणकार असेल, आणि कोड पहिल्या दिवसापासून गिऱ्हाइकाच्याच खात्यावरच्या रिपॉझिटरीत राहील. मग नाशिकची कंपनी उद्या बंद पडली, तरी ओहायोचा मॅनेजर तोच कोड दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ शकतो.