दम वाढतो, नडगी मागे राहते

जानेवारीत गोल्फ क्लब मैदानाच्या जॉगिंग ट्रॅकवर नव्या बुटांची गर्दी असते. फेब्रुवारीत त्यातले बरेच जण दिसेनासे होतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "दमाचं जमत होतं हो, पण नडगी ठणकायला लागली."

दम खरंच लवकर सुधारतो. व्यायाम सुरू झाला की आठवड्या-दोन आठवड्यांत रक्तातला द्रव वाढतो आणि हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलतं. तिसऱ्या आठवड्यात माणसाला वाटतं, आता वाढवायला हरकत नाही. हाडाचं वेळापत्रक मात्र वेगळं असतं.

चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो, त्यामुळे धक्का वजनाच्या सव्वापट एवढाच. पळताना दोन्ही पाय क्षणभर हवेत असतात आणि मग सगळा भार एका पायावर उतरतो, अडीच पटीच्या आसपास. या भाराने नडगीच्या हाडात सूक्ष्म इजा होतात. हाड त्या भागाची डागडुजी करतं, पण आधी तोडून. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुनं हाड पोखरून काढतात, हे काम दोन-तीन आठवड्यांत उरकतं. मग दुसऱ्या पेशी नवं हाड भरतात आणि त्याला तीनेक महिने लागतात. आपल्याकडे रस्ता खोदतात लगेच आणि बुजवतात सावकाश, तसंच हे. म्हणजे दम आल्यासारखा वाटतो, नेमकं तेव्हाच हाड तात्पुरतं कच्चं असतं. या काळात पायात तांब्याचं कडं घालून काही होत नाही. पोखरणाऱ्या पेशींना त्याचा पत्ताही नसतो.

समजा, पंचेचाळिशीचे, ८५ किलोंचे, दिवसभर खुर्चीत बसणारे गृहस्थ आहेत. त्यांनी आधी महिनाभर रोज अर्धा तास झपझप चालावं. (छातीत दुखत असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर त्याआधी डॉक्टरांना भेटावं.) मग आठवड्यातून तीनदा, मध्ये एक दिवस सोडून, एक मिनिट पळणं आणि दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. पळणं इतकं हळू, की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता यावं. आठ मिनिटांचं हे पळणं किरकोळ वाटतं, पण तेवढ्यात प्रत्येक पाय सहाशेच्या आसपास वेळा दोनशेहून जास्त किलोंचा धक्का झेलतो. दोन आठवड्यांनी पळण्याचं मिनिट दीड करावं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कितीही हुरूप आला तरी तिथेच थांबावं, पुढची वाढ पाचव्यात.

नडगीच्या आतल्या कडेने वीतभर पट्ट्यात दुखत असेल, तर पळणं बंद करून आठवडाभर चालण्यावर यावं, तेही दुखणार नाही इतपतच. पण दुखणं एका बोटाने दाखवता येत असेल, त्या पायावर उडी मारताना कळ येत असेल किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला तडा असू शकतो. असा तडा सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे स्वच्छ आला म्हणून लगेच ट्रॅकवर जाऊ नये. एमआरआय लागेल का, हे हाडांच्या डॉक्टरांना विचारावं.