हार्ड डिस्क गोठविण्याची युक्ती

बंद पडलेली किंवा संगणकाला दिसेनाशी झालेली हार्ड डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून काही तास किंवा रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायची आणि बाहेर काढल्याबरोबर संगणकाला जोडून तिच्यातील फायली उतरवून घ्यायच्या, असा एक लोकप्रचलित उपाय. गेल्या शतकाच्या अखेरीपासून, विशेषतः इंटरनेटच्या प्रसारानंतर, तो सर्वत्र परिचित झाला. क्वचित यश आल्याची उदाहरणे सांगितली जातात व ती पूर्णपणे खोटी मानण्याचे कारण नाही. मात्र ज्या दोषांवर थंडीचा उपयोग होऊ शकेल असे दोष आजच्या डिस्कमध्ये फारसे उरलेले नाहीत आणि जे आहेत त्यांपैकी बहुतेक थंडीने वाढतात.

उगम : या युक्तीचा उगम निश्चित सांगता येत नाही. तीन स्पष्टीकरणे प्रचलित आहेत व ती वेगवेगळ्या काळातील डिस्कांना लागू पडतात.

सर्वांत जास्त सांगितले जाणारे स्पष्टीकरण हेड, म्हणजे फिरत्या चकतीवरील माहिती वाचणारा व लिहिणारा बारीक भाग, चिकटण्याचे आहे. १९८० च्या दशकातील व १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातील डिस्कमध्ये यंत्र बंद झाल्यावर हेड चकतीच्या पृष्ठभागावरच टेकत असे. चकती व हेड दोन्ही अत्यंत गुळगुळीत आणि मध्ये वंगणाचा पातळ थर, त्यामुळे काही दिवस बंद राहिलेल्या डिस्कमध्ये दोन्ही एकमेकांना घट्ट धरून बसत आणि मोटरला चकती हलविता येत नसे. थंडीने धातू आकसून ही पकड सुटते, असे मानले जाते. यात अडचण अशी, की पकड मुख्यतः वंगण आणि दोन पृष्ठभागांमध्ये साचणारा बाष्पाचा अंश यांमुळे निर्माण होते. थंडीत वंगण अधिक दाट होते आणि बाष्प द्रवरूप होऊन फटीत शिरते. म्हणजे पकड सैल होण्याऐवजी घट्ट होण्याचा संभव अधिक. त्या काळचे दुरुस्तीवालेही अशा डिस्कला मनगटाने झटकन अर्धा फिरका देत किंवा कडेवर हलकी टिचकी मारीत. हा उपाय बऱ्याचदा लागू पडे आणि त्यात थंडीचा संबंध नव्हता.

दुसरे स्पष्टीकरण स्टेपर मोटरच्या डिस्कांचे आहे. २० मेगाबाइटच्या, सव्वापाच इंची ‘सीगेट एसटी–२२५’ या प्रकारात प्रत्येक पृष्ठभागावर माहितीची ६१५ वर्तुळे, म्हणजे मार्ग, सुमारे एक इंच रुंदीत मांडलेले असत. दोन मार्गांमधील अंतर ४३ मायक्रोमीटरच्या आसपास भरते. हेड कोठे आहे हे पाहण्याची सोय यंत्रात नव्हती. मोटर ठरावीक पावले टाकी आणि मार्ग तिथेच असेल असे गृहीत धरले जाई. ॲल्युमिनियम दर अंशाला दहा लाखांत सुमारे २३ भाग प्रसरण पावते. म्हणजे चकतीच्या केंद्रापासून ५० मिलिमीटरवर असलेला मार्ग ४५ अंश तापमानफरकाने सुमारे ५२ मायक्रोमीटर सरकेल, एका मार्गाहून थोडा जास्त. सांगाडा व हेडची भुजाही आकसतात, त्यामुळे प्रत्यक्ष फरक याहून कमी राहतो, तरी अशा डिस्क एका तापमानाला फॉरमॅट करून दुसऱ्या तापमानाला वाचताना चुका करीत हे खरे आहे. म्हणूनच यंत्र काही वेळ चालवून, तापल्यावर मगच फॉरमॅट करावे अशी तेव्हाची शिकवण होती. परंतु यावरून सिद्ध होते ते एवढेच, की लिहितानाचे आणि वाचतानाचे तापमान जुळले पाहिजे. उणे १८ अंशांना कोणीही डिस्क लिहिलेली नसते.

तिसऱ्या मतानुसार ही युक्ती रेडिओ–दूरचित्रवाणी दुरुस्तीतून आली असावी. तापल्यावर दगा देणारा घटक शोधण्यासाठी थंड फवारा मारून पाहण्याची पद्धत त्या व्यवसायात रूढ आहे. एखादी चिप किंवा सांध्याचे डाख तापल्यावर बिघडत असेल, तर थंड केलेले सर्किट बोर्ड काही मिनिटे नीट चालते. यश आल्याच्या ज्या कथांमध्ये डिस्क ‘थोडा वेळ चालली आणि गरम होताच पुन्हा गेली’ असे वर्णन येते, त्यांचा उलगडा या मताने सर्वांत सहज होतो. तथापि इतका परिणाम डिस्कच्या खालच्या बाजूच्या बोर्डावर पंख्याचा झोत सोडूनही मिळतो. त्यासाठी बंद पेटीतील चकत्या गोठविण्याची गरज नसते.

आजच्या डिस्कमध्ये उपाय का चालत नाही : १९९० च्या सुमारास स्टेपर मोटरची जागा चुंबकाजवळ हलणाऱ्या कॉइलने घेतली आणि हेडला दिशा दाखविणाऱ्या खुणा थेट चकतीवरच, माहितीच्या अध्येमध्ये, लिहिल्या जाऊ लागल्या. हेड सतत त्या खुणा वाचून स्वतःची जागा दुरुस्त करीत राहते. त्यामुळे आकसण्याने सुधारेल अशी चूकच या रचनेत शिल्लक नाही. दुसरीकडे, मार्ग इतके अरुंद झाले आहेत की अलीकडच्या डिस्कमध्ये दोन मार्गांतील अंतर ५० नॅनोमीटरच्या जवळपास असते. वर काढलेले ५२ मायक्रोमीटर या मापाने हजारभर मार्ग होतात. हेड थोडे अधू असेल व खुणा चुकतमाकत वाचत असेल, तर एवढ्या सरकलेल्या स्थितीत त्याचे काम अधिक कठीण होते.

नंतरच्या डिस्कमध्ये, प्रथम लॅपटॉपच्या आणि मग मोठ्या, हेड चकतीवर न टेकता बाहेरच्या उतारपट्टीवर चढून विसावते. म्हणून जुन्या अर्थाचे चिकटणे नाहीसे झाले. डिस्क पडल्यामुळे हेड मधेच चकतीवर अडकले तर ‘टीं टीं’ असा बारीक आवाज येतो आणि मोटर फिरत नाही. अशा डिस्कला थंड करून वीज दिली, तर मोटर जोर लावते आणि हेड नाजूक झुलत्या टोकापासून तुटू शकते. मोटरच्या बेअरिंगमध्येही आता पोलादी गोळ्यांऐवजी तेलाचा थर असतो. थंडीत तो दाट होतो आणि सुरू होण्यास अधिक जोर लागतो.

सर्वांत परिचित लक्षण म्हणजे नियमित ‘टक्–टक्’ आवाज. याचा अर्थ चकत्या फिरत आहेत, पण हेडला खुणा सापडत नाहीत आणि भुजा पुनःपुन्हा टोकाला जाऊन परत येते. कारण सहसा हेड निकामी होणे किंवा डिस्कचे आतील आज्ञासंच, जे काही अंशी चकतीवरच लिहिलेले असतात, वाचता न येणे हे असते. दोन्हींवर थंडीचा इलाज नाही.

वेळेचा हिशेबही प्रतिकूल आहे. फ्रीझरमधून काढलेली साडेतीन इंची डिस्क चालू केल्यावर साधारण २० मिनिटे ते अर्ध्या तासात खोलीच्या तापमानाजवळ येते. १ टेराबाइट माहिती सेकंदाला १०० मेगाबाइट या निरोगी वेगाने उतरविण्यास सुमारे पावणेतीन तास लागतात. २० मिनिटांत जेमतेम आठवा हिस्सा हाती येईल, आणि आजारी डिस्क या वेगाने वाचली जात नाही. २० मेगाबाइटची जुनी डिस्क मात्र काही मिनिटांत पूर्ण उतरविता येई. युक्तीत काही तथ्य असेल तर ते त्या आकाराच्या डिस्कपुरते.

हानी कशी होते : साध्या हार्ड डिस्कची पेटी हवाबंद नसते. दाब समान राहण्यासाठी तिला गाळणी लावलेले बारीक छिद्र असते, त्यामुळे बाहेरची आर्द्रता हळूहळू आत पोचते. आत ओलावा शोषणारी पुडी असते, पण तिची क्षमता मर्यादित. पावसाळ्यात कोकणपट्टीतील ३० अंश तापमान व ८० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेत दर घनमीटरला सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते. पेटीत अशी १०० घनसेंटिमीटर हवा मानली, तर बाष्प जवळपास अडीच मिलिग्रॅम होते. उणे १८ अंशांना त्यातील जवळजवळ सर्व हवेतून सुटून पृष्ठभागांवर जमते. तीन चकत्यांच्या सहा बाजूंवर हे पाणी सारखे पसरले तर थर सुमारे ६० नॅनोमीटरचा होईल. पुडीने व भिंतींनी नऊ दशांश शोषले असे धरले तरी ६ नॅनोमीटर उरतात, आणि पाणी सारखे पसरत नाही, थेंबांनी बसते. आधुनिक हेड चकतीवरून वाचताना एक–दोन नॅनोमीटर उंचीवरून जाते. मिनिटाला ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कमध्ये बाहेरच्या कडेचा वेग ताशी १२५ किलोमीटरच्या आसपास असतो.

या वेगाने हेड थेंबावर किंवा हिमकणावर आदळले की ते स्वतः खराब होते आणि चकतीवरचा संरक्षक कार्बनथर व त्याखालचा चुंबकीय थर खरवडते. निघालेली चुंबकीय भुकटी पेटीभर उडून इतर पृष्ठभागांवर पडते व प्रत्येक फेरीत नवे ओरखडे उठतात. माहिती या चुंबकीय थरातच असते; तो गेला की ती कोणत्याही प्रयोगशाळेला परत आणता येत नाही. बदलता येण्याजोगे निकामी हेड हा दुरुस्तीयोग्य दोष होता, तो अशा रीतीने कायमच्या हानीत बदलतो. थेंब वाळून राहिलेले डाग हे पुढचे संकट. त्यांवरून नवे हेडही सुखरूप जात नाही.

पिशवी वापरण्याचा सल्ला अर्धाच उपयोगी आहे. पिशवी बाहेरची आर्द्रता रोखते, पेटीत आधीच असलेली नाही. शिवाय केबल जोडण्यासाठी ती उघडावीच लागते आणि त्याच क्षणी थंड बोर्डावर दव धरते. वरील हवेचा दवबिंदू सुमारे २६ अंश आहे; म्हणजे डिस्क २६ अंशांहून थंड आहे तोवर तिच्यावर पाणी जमत राहणार. उत्पादकांच्या तपशीलपत्रात चालू स्थितीसाठी सामान्यतः ० किंवा ५ ते ६० अंश आणि ‘दव न धरणारी’ आर्द्रता अशी अट असते. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये लाखाहून अधिक डिस्कांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांतही मध्यम तापमानापेक्षा कमी तापमानाला चाललेल्या डिस्क अधिक बिघडल्याचे दिसले. अर्थात ती तापमाने गोठणबिंदूच्या बरीच वर होती, तेव्हा हा पुरावा अप्रत्यक्षच मानावा.

२०१३ पासून बाजारात आलेल्या हीलियम भरलेल्या डिस्क पूर्ण मोहोरबंद असल्याने आत दव धरण्याचा प्रश्न येत नाही, बोर्डाचा मात्र येतो. एसएसडीत हेड वा चकती नसते. तिला ही युक्ती लावण्यास आधारच नाही.

पर्याय : टक्–टक् किंवा टीं टीं आवाज करणारी डिस्क ताबडतोब बंद करून तशीच ठेवतात. आवाज शांत असून डिस्क ओळखली जात असेल, पण वाचताना अडखळत असेल, तर तिच्यावरील फायली एकेक न उघडता संपूर्ण प्रतिमा, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी प्रत, दुसऱ्या डिस्कवर घेतात. जीएनयू डीडीरेस्क्यू हा त्यासाठीचा प्रोग्राम प्रथम सोपे भाग उचलतो व खराब भाग नंतरसाठी ठेवतो :

```
ddrescue -n /dev/sdb disk.img disk.map
ddrescue -d -r3 /dev/sdb disk.img disk.map
```

येथे `/dev/sdb` ही आजारी डिस्क आहे याची खात्री आधी करून घ्यावी लागते. प्रतिमा दुसऱ्या, पुरेशी जागा असलेल्या डिस्कवर साठवितात. कोणते भाग वाचून झाले याची नोंद ठेवणारी नकाशाची फाइल `disk.map` जपली तर काम मध्ये थांबवून पुढे चालू ठेवता येते. वाचन चालू असताना डिस्क फार तापत असेल तर पंखा पुरतो. हेड बदलण्याचे काम धूळरहित कक्षात, त्याच प्रकारच्या दुसऱ्या डिस्कमधील हेड काढून केले जाते.

डिस्क आधीच गोठविली गेली असेल, तर ती बंद पिशवीतच खोलीच्या तापमानाला एक दिवस ठेवतात आणि वीज देत नाहीत. प्रयोगशाळेकडे देताना ती गोठविल्याचे सांगणे आवश्यक असते, कारण अशा डिस्कला चालू करण्यापूर्वी पेटी उघडून चकत्यांवरील डाग तपासावे लागतात. ते न कळल्यास पहिल्याच चाचणीत हेड डागावर आपटण्याचा धोका राहतो.