लाइन गेल्यावर ‘हो’ कोण म्हणतं? स्टोअर-अँड-फॉरवर्डची पार्श्वभूमी

दुकानातल्या कार्ड मशीनची बँकेशी जोडणारी लाइन गेली, तर व्यवहार साठवून ठेवायचा आणि लाइन आल्यावर पुढे पाठवायचा, याला स्टोअर-अँड-फॉरवर्ड म्हणतात. कार्बनच्या पावत्यांच्या काळात कार्डावरच्या खरेदीला ‘फ्लोअर लिमिट’ नावाची मर्यादा असे. रक्कम तिच्या आत असली तर दुकानदाराने बँकेला फोन करायची गरज नसे, बाद कार्डांच्या छापील यादीत नंबर पाहिला की झालं. पुढे मशीन थेट विचारू लागली आणि ती मर्यादा बऱ्याच ठिकाणी शून्यावर आली.

खरा गोंधळ सुरू झाला तो १९९० च्या दशकात चिप आल्यावर. चिपला स्वतःच होकार देता येतो. बँकेशी संपर्क न होता किती व्यवहार झाले याची मोजणी ती ठेवते आणि मर्यादेत असेल तर टर्मिनलला, म्हणजे कार्ड मशीनला, TC देते, म्हणजे ‘मंजूर’ असं सांगणारा सांकेतिक पुरावा. ही ऑफलाइन मंजुरी. बँकेनेच घालून दिलेल्या नियमांत ती बसत असल्यामुळे तिच्यामागे बँक असते.

स्टोअर-अँड-फॉरवर्डलाही लोक सर्रास ‘ऑफलाइन’ म्हणतात, आणि तिथेच फसतात. इथे चिप ARQC देते, म्हणजे ‘बँकेला विचारा’ असं सांगते. लाइन नसल्यामुळे टर्मिनल तो प्रश्न कूटबद्ध करून मेमरीत ठेवतं आणि गिऱ्हाइकाला पावती देऊन मोकळं होतं. थोडक्यात, अजून कोणीच ‘हो’ म्हटलेलं नसतं. पावती मात्र मंजूर व्यवहारासारखीच दिसते. ती तशी दिसू द्यावी का, यावर मतभेद आहेत. माझ्या मते ‘मंजुरी बाकी’ असं ठळक छापायलाच हवं.

उदाहरण घ्या. एका व्यवहाराची मर्यादा ५० ठेवली आहे. १:१० ला लाइन जाते आणि ६ मिनिटांनी येते. मधल्या वेळात १२, ३०, १८ आणि ४५ असे चार व्यवहार साठतात. पाचवा ७० चा, तो मशीन तिथेच नाकारते. १:१६ ला रांग पुढे सरकते: पहिल्या तिघांना 00, म्हणजे मंजुरीचा कोड, मिळतो, ४५ ला 51, म्हणजे खात्यात पुरेसे पैसे नाहीत. १०५ चा माल गेला, हाती आले ६०. गिऱ्हाईक कधीच निघून गेलेलं, आणि कार्डनंबर झाकलेल्या पावतीवरून त्याला शोधणार कसं? हा तोटा साधारणपणे दुकानदाराच्याच माथी बसतो. म्हणून एका व्यवहारावर, साठलेल्या एकूण रकमेवर आणि किती तास साठवायचं यावर अशा तीन मर्यादा घालतात. ज्या कार्डाचा पिन बँकेकडेच तपासावा लागतो, ते या सोयीत सहसा चालत नाही.

सगळ्यात अवघड असतो तो लाइन तुटतानाचा व्यवहार. प्रश्न बँकेपर्यंत पोचला आणि उत्तर वाटेत हरवलं, तर टर्मिनलने आधी तो रद्द करण्याचा संदेश, म्हणजे रिव्हर्सल, रांगेत टाकायला हवा. तो न टाकता व्यवहार नव्याने साठवला तर एकाच खरेदीचे पैसे दोनदा कापले जाऊ शकतात. गिऱ्हाइकाच्या खातेउताऱ्यात मग एकाच रकमेच्या दोन नोंदी दिसतात, एक लाइन तुटण्याच्या वेळेची आणि दुसरी ती परत आल्यानंतरची.