स्टेप टेस्टने पीआयडी लूपचे ट्यूनिंग

कंट्रोलर मॅन्युअलवर ठेवून त्याचे आउटपुट एकदाच ठरावीक टक्क्यांनी बदलणे, तापमान किंवा पातळी त्याला कसा प्रतिसाद देते याची नोंद घेणे आणि त्या आलेखावरून गेन व इंटिग्रल टाइम काढणे, या पद्धतीस स्टेप टेस्टने केलेले ट्यूनिंग म्हणतात. झिग्लर आणि निकोल्स यांनी १९४२ मध्ये अशा आलेखावरून आकडे काढण्याचे नियम दिले. ते नियम झटपट सुधारणेकडे झुकलेले असल्यामुळे वाफेवर तापणाऱ्या टाक्यांवर लूप बहुधा डोलू लागतो. अशा टाक्यांसाठी स्कोगेस्टॅड यांनी २००३ मध्ये मांडलेला नियम अधिक सोयीचा आहे.

बडोद्याजवळच्या नंदेसरी औद्योगिक वसाहतीतील एखाद्या रासायनिक कारखान्यात असावी तशी गरम पाण्याची टाकी उदाहरणादाखल घेऊ. वाफेच्या कंट्रोल व्हॉल्व्हला ४० टक्के आउटपुट असून तापमान ६२ अंश सेल्सियसवर अर्धा तास स्थिर आहे आणि ट्रान्समीटरची रेंज ० ते १०० अंश आहे. आउटपुट ५० टक्के केल्यावर पहिला मिनिटभर काहीच हलत नाही, मग तापमान चढू लागते आणि सुमारे पंचवीस मिनिटांनी ७० अंशांवर टेकते. १० टक्के आउटपुटला ८ टक्के वाढ मिळाली, म्हणून प्रक्रियेचा गेन ०.८ होय. तापमान वाढू लागल्याचा नेमका क्षण डोळ्यांनी ठरवण्यापेक्षा एकूण वाढीच्या २८.३ आणि ६३.२ टक्क्यांचे, म्हणजे ६४.३ आणि ६७.१ अंशांचे, क्षण वाचणे भरवशाचे असते. येथे ते २०० व्या आणि ४४० व्या सेकंदाला आले. त्यांवरून `tau` आणि `theta` काढून ते स्कोगेस्टॅड यांच्या नियमात घालावेत.

```
tau   = 1.5 * (t63 - t28) = 1.5 * (440 - 200) = 360 s
theta = t63 - tau         = 440 - 360         = 80 s
Kc    = tau / (K * (lambda + theta))
Ti    = min(tau, 4 * (lambda + theta))
```

यातील `t28` आणि `t63` हे वर वाचलेले दोन क्षण, `K` हा प्रक्रियेचा गेन, `Kc` हा कंट्रोलरचा गेन, `Ti` हा इंटिग्रल टाइम, `theta` हा डेड टाइम, `tau` हा टाइम कॉन्स्टंट, तर `lambda` म्हणजे बंद लूपला आपण किती सेकंदांचा टाइम कॉन्स्टंट देऊ इच्छितो तो आकडा. `lambda` डेड टाइमइतका, म्हणजे ८० सेकंद धरल्यास `Kc` २.८ आणि `Ti` ६ मिनिटे येतो. `lambda` २४० केल्यास `Ti` तेवढाच राहतो, `Kc` मात्र १.४ होतो, आणि बॉयलरवरचा भार सारखा बदलत असेल तर सुरुवात येथूनच करावी. झिग्लर–निकोल्स यांच्या पीआय नियमाने याच आलेखावरून `Kc` ५.१ आणि `Ti` साडेचार मिनिटांच्या आत येतो. रेंज ० ते २०० अंश असती तर त्याच आठ अंशांचे ४ टक्के झाले असते, आणि `Kc` दुप्पट लागला असता. रेंज बदलून ट्यूनिंग तसेच ठेवणे ही नेहमीची चूक आहे.

चाचणी बिघडते ती बहुधा वाफेमुळे. सातव्या मिनिटाच्या सुमारास शेजारचा ड्रायर सुरू होऊन वाफेच्या हेडरचा दाब उतरला, तर तापमान ६७ अंशांवरच थांबते आणि आलेख पूर्ण झाल्यासारखा दिसतो. त्यावरून `tau` १६६ सेकंद निघतो, म्हणजे `Ti` निम्म्याहून कमी होतो, आणि लूप चालू केल्यावर तापमान अपेक्षेपेक्षा जास्त डोलते. म्हणून हेडरच्या दाबाचा ट्रेंड त्याच पडद्यावर शेजारी ठेवावा. व्हॉल्व्हच्या जोडणीतला ढिलेपणाही असाच फसवतो, कारण उलट दिशेने आउटपुट बदलल्यावर त्यातला पहिला काही भाग ढिलेपणा भरण्यातच जातो आणि गेन कमी दिसतो. त्यासाठी आधी त्याच दिशेने एक छोटी पायरी द्यावी आणि तापमान पुन्हा स्थिर झाल्यावर खरी पायरी द्यावी.

पंपाने उपसल्या जाणाऱ्या टाकीच्या पातळीला हीच कृती लागू पडत नाही, कारण आवक वाढवल्यावर पातळी कुठेही टेकत नाही, ती वाढतच राहते. येथे पायरीपूर्वीचा आणि नंतरचा उतार मोजून त्यांतला फरक आउटपुटच्या बदलाने भागतात, आणि हाय अलार्म येण्याआधीच आउटपुट मूळ जागी आणतात. आउटपुट ५ टक्क्यांनी वाढवल्यावर पातळी मिनिटाला ०.५ टक्के चढू लागली, तर तो भागाकार ०.१ येतो. वरच्या सूत्रांत `tau / K` च्या जागी १ भागिले हा भागाकार घालावा, आणि `Ti` साठी `4 * (lambda + theta)` एवढेच घ्यावे. डेड टाइम नगण्य असताना `lambda` १० मिनिटे धरल्यास `Kc` १ आणि `Ti` ४० मिनिटे निघतो. हा `Ti` अनेकांना अवाजवी वाटतो आणि ते दोन-तीन मिनिटे ठेवतात. मग पातळी संथपणे डोलते, ऑपरेटर गेन कमी करतो आणि डोलणे आणखी वाढते. पातळीच्या लूपमध्ये गेन आणि इंटिग्रल टाइम यांचा गुणाकार फार लहान झाला की हे घडते, त्यामुळे तेथे गेन न उतरवता `Ti` वाढवावा लागतो.